सोमवारच्या आधीचा सोमवार

रविवारी दुपारी सोलापूरहून भाचीचा फोन आला. आवाज दबका होता. "मावशी, पुढच्या सोमवारी, बावीस तारखेला, पुण्यात जॉइन व्हायचंय. पण ऑफर लेटर माझ्याकडे नाहीये."

"नाहीये म्हणजे? तू तर एप्रिलमध्येच होकार कळवला होतास ना?"

"हो, पण मोबाइलवर लिंक आली होती. ती उघडून खाली 'स्वीकार' दाबलं. पीडीएफ उतरवून घ्यायची राहिली. आज लिंक उघडली तर मुदत संपली म्हणतेय. माझ्याकडे पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट तेवढा आहे. आणि खराडीचे घरमालक म्हणतात, ऑफर लेटरची प्रत दाखवा, मग डिपॉझिटचं बोलू."

"मग एचआरकडे माग की."

जरा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मागितलं तर त्यांना काय वाटेल गं? हिला एक कागद सांभाळता येत नाही, असं वाटलं तर? किंवा आपल्यावर विश्वास नाही, असं वाटलं तर?"

पुण्यातल्या कंपन्यांच्या एचआर विभागात मी वीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी ऑनबोर्डिंगमध्ये, म्हणजे नव्या माणसाला कंपनीत रुजू करून घेण्याच्या कामात. भाचीला वाटत होती तीच भीती मी शेकडो मुलांच्या तोंडून ऐकली आहे, आणि त्या भीतीपायी झालेली नुकसानंही पाहिली आहेत. म्हणून तिला जे सांगितलं ते सविस्तर लिहिते आहे. तिच्या बाबतीत त्या आठवड्यात नेमकं काय घडलं, हेही तिच्या परवानगीने सांगते.

टेबलाच्या पलीकडून काय दिसतं

बहुतेक मोठ्या कंपन्यांत नवीन माणसं ठरलेल्या दिवशी रुजू होतात, बरेचदा सोमवारी. ऑनबोर्डिंग करणाऱ्या मुलीसमोर त्या सोमवारची एक यादी असते. त्यात वीस-तीस नावं. प्रत्येक नावापुढे रकाने: कागदपत्रं आली का, पार्श्वभूमी पडताळणी झाली का, लॅपटॉपची मागणी गेली का, ओळखपत्राचा फोटो आला का, सुरक्षा विभागाकडे गेटसाठी नाव दिलं का. शेवटचा रकाना मात्र सगळ्यात महत्त्वाचा: येणार की नाही?

कारण होकार दिलेली सगळी माणसं येत नाहीत. दोन-तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडमध्ये कुणाला दुसरीकडे जास्त पगार मिळतो, कुणाला जुनी कंपनीच थांबवून घेते. काही जण तसं कळवतात, काही फोनच उचलत नाहीत. एचआरच्या भाषेत याला 'नो-शो' म्हणतात. सोमवारी सकाळी दहा वाजता रिकाम्या राहिलेल्या खुर्चीचा जाब याच मुलीला द्यावा लागतो. म्हणून रुजू होण्याच्या आठवडाभर आधी ती यादीतल्या प्रत्येकाला फोन लावत असते आणि समोरच्याच्या आवाजावरून अंदाज घेत असते.

अशा वेळी एखाद्या उमेदवाराची स्वतःहून मेल येते की, 'मी बावीस तारखेला येते आहे, ऑफर लेटरची प्रत आणि रुजू होण्याच्या सूचना पाठवाल का?' ती वाचून आम्हाला हायसं वाटायचं. यादीतल्या एका नावावर हिरवी खूण करता यायची. ही मेल म्हणजे येण्याची खात्रीच. काही ठिकाणी तर लॅपटॉपची मागणी अशी खात्री झाल्याशिवाय पुढे जातच नाही.

हे ऐकल्यावर भाचीचा आवाज मोकळा झाला. "म्हणजे मी विचारलं तर त्यांचं काम हलकं होतं?"

"होतं. पण त्यांच्यापेक्षा तुझं जास्त काम होतं. ते कसं, ते कागद हातात आला की कळेल."

आठवडाच का?

होकार दिल्यापासून रुजू होईपर्यंत दोन महिने जातात. तेवढ्यात ऑफरमधले तपशील डोक्यात धूसर होतात आणि तोंडी ऐकलेल्या गोष्टी पक्क्या वाटायला लागतात. महिनाभर आधी सूचना मागितल्या तर एचआरकडे त्या तयार नसतात. कोणत्या इमारतीत बोलवायचं, कोण भेटणार, हे शेवटच्या आठवड्यातच ठरतं. शुक्रवारी मागितल्या तर उत्तर येईपर्यंत शनिवार-रविवार उजाडतो, आणि कागदात चूक निघाली तरी दुरुस्त करणारं कुणी जागेवर नसतं. आधीच्या सोमवारी मेल गेली की कामाचे पाच दिवस हातात राहतात. दोन दिवस उत्तर यायला, एक वाचायला, दोन दुरुस्तीला. याहून कमी वेळात हे बसत नाही.

मेल कुणाला करायची, इथे बरेच जण चुकतात. आपल्याशी सुरुवातीपासून बोललेली व्यक्ती बहुधा रिक्रूटर असते किंवा बाहेरच्या कन्सल्टन्सीची असते. होकार मिळाला की तिचं काम जवळजवळ संपतं आणि फाइल ऑनबोर्डिंगकडे जाते. त्यामुळे एकट्या रिक्रूटरला व्हॉट्सॲप केलं तर ते तिथेच पडून राहतं. ऑफरची लिंक ज्या मेलमध्ये आली होती, तिच्या तळाशी संपर्काचा पत्ता असतो. मेल त्या पत्त्यावर करावी आणि रिक्रूटरला प्रत ठेवावी. मेल आपल्या खाजगी पत्त्यावरूनच जायला हवी, तीही ज्या पत्त्यावर ऑफर आली होती त्याच. जुन्या कंपनीचा मेल-पत्ता शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो आणि त्यावर आलेलं उत्तर कायमचं हातचं जातं.

भाचीने सोमवारी सकाळी पाठवलेली मेल इथे देते. ती इंग्रजीत होती, आशय असा:

विषय: २२ तारखेला रुजू होणे – ऑफर लेटरची प्रत आणि सूचना मिळण्याबाबत – उमेदवार क्रमांक

'नमस्कार. मी अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठी सोमवार, २२ तारखेला रुजू होत आहे. ऑफर मी एप्रिलमध्ये पोर्टलवर स्वीकारली आहे. ती लिंक आता उघडत नाही. कृपया दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली ऑफर लेटरची पूर्ण प्रत, पगाराच्या तपशिलाच्या जोडपत्रासह, पाठवावी. तसेच रुजू होण्याच्या सूचना, म्हणजे ठिकाण, वेळ, कुणाला भेटायचं आणि सोबत आणायची कागदपत्रं, कळवाव्यात. मला सोलापूरहून पुण्याला यायचं असल्याने बुधवारपर्यंत मिळाल्यास सोयीचं होईल. धन्यवाद.'

खाली आधारकार्डावर आहे तसं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. बस्स, एवढंच. या मेलमध्ये तिने कुठेही माफी मागितलेली नाही. प्रत का हवी, हे एका वाक्यात सांगितलं आहे. 'जोडपत्रासह' हा शब्द मी तिला मुद्दाम घालायला लावला, कारण नुसती प्रत मागितली की कधी कधी पहिली दोनच पानं येतात आणि पगाराचा तक्ता राहून जातो. 'दोन्ही बाजूंच्या सह्या' हेही तसंच. पोर्टलवर होकाराचं बटण दाबलं की सही झाल्याची नोंद प्रतीच्या शेवटी तारीख-वेळेसह येते. ती नोंद असलेली प्रत आपल्याकडे असली, म्हणजे आपण होकार दिला आणि तो कंपनीला पोचला, हे दोन्ही दाखवता येतं. आणि 'बुधवारपर्यंत' लिहिलं नसतं, तर उत्तर देणाऱ्याने ते आपल्या सवडीने दिलं असतं.

कागद आला, आणि

मंगळवारी दुपारी पीडीएफ आली. पासवर्ड लावलेली होती. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. भाचीने ती लगेच घरमालकांना पुढे पाठवायला घेतली. मी म्हटलं, "थांब. आधी आपण दोघी वाचू." ती तिकडे सोलापुरात, मी इकडे कोथरूडमध्ये, फोन कानाला लावून आम्ही एकेक पान वाचत गेलो.

पहिल्याच पानावर कामाचं ठिकाण होतं: हिंजवडी, फेज दोन.

"अगं, पण मुलाखत तर खराडीला झाली होती!" भाची म्हणाली.

मुलाखत खराडीच्या ऑफिसात झाली म्हणून नोकरीही तिथलीच, असं तिने गृहीत धरलं होतं. कुणी तिला खोटं सांगितलेलं नव्हतं. रिक्रूटरने ठिकाणाचा उल्लेखच केला नव्हता, आणि ऑफर मोबाइलवर वाचताना तिची नजर पगाराच्या आकड्यावर होती. खराडी पुण्याच्या पूर्वेला, हिंजवडी पश्चिमेला. मध्ये अख्खं शहर. ऑफिसच्या वेळेला हे अंतर कापताना रोजचे तीन-चार तास रस्त्यात गेले असते. खराडीच्या खोलीसाठी ती दुसऱ्या दिवशी टोकन देणार होती, आणि दिलेलं टोकन सहसा परत मिळत नाही. तिने एचआरला एका ओळीत विचारून घेतलं: सुरुवातीपासून हिंजवडीच, की आधी प्रशिक्षण दुसरीकडे? उत्तर आलं, सुरुवातीपासून हिंजवडी. तिने खराडीचा विषय सोडला आणि वाकडला पेइंग गेस्ट शोधायला लागली.

दुसऱ्या पानावर तिचं नाव होतं, आणि ते आधारकार्डाशी जुळत नव्हतं. आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. आणि बायोडेटात आपण सुटसुटीत म्हणून स्वतःचं नाव आणि आडनाव एवढंच लिहितो. ऑफर बायोडेटावरून तयार होते, म्हणून तीत वडिलांचं नाव नव्हतं. दिसायला ही क्षुल्लक गोष्ट. पण याच नावाने पुढे पगाराच्या यंत्रणेत नोंद होते आणि तीच भविष्य निर्वाह निधीकडे जाते. भाचीचा बारा अंकी यूएएन जुन्या नोकरीत आधारवरच्या नावाने तयार झालेला होता. नवीन कंपनीत नाव, जन्मतारीख किंवा वडिलांचं नाव वेगळं पडलं, तर जुन्या खात्यातले पैसे नव्यात आणताना अडतं, आणि मग दुरुस्ती करत बसावं लागतं. हे काम महिनोनमहिने लोंबकळलेलं मी पाहिलं आहे. रुजू होण्याआधी मात्र ते एका मेलचं काम असतं: 'माझं नाव सर्व नोंदींत आधारप्रमाणे असं असावं', आणि सोबत आधारकार्डाची प्रत. ती प्रत पाठवताना पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार चालेल का, हे विचारून घ्यावं. नुसतं नाव जुळवायला ते बहुधा पुरतं.

पंचेचाळीस हजारांचे पस्तीस

तिसऱ्या पानावर जोडपत्र होतं. वार्षिक सीटीसी ५ लाख ४० हजार. भाचीने मनातल्या मनात बाराने भागून महिन्याला ४५ हजार धरले होते आणि त्यातूनच भाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे यांचा हिशेब मांडला होता. मी तिला वही घ्यायला सांगितली.

सीटीसी म्हणजे आपल्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च. त्यातली प्रत्येक रक्कम आपल्या खात्यात येत नाही. तिच्या जोडपत्रात ४५ हजारांतले ३ हजार 'कामगिरीनुसार' होते, म्हणजे वर्षअखेरीस, तेही मूल्यांकन झाल्यावर. मूळ वेतन २२,५०० होतं. त्याच्या १२ टक्के, म्हणजे २,७०० रुपये, कंपनी भविष्य निर्वाह निधीत भरणार; तेही सीटीसीतच धरलेले. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, साधारण १,०८२ रुपये. हा ४.८१ चा आकडा अनेकांना कोड्यासारखा वाटतो. तो असा येतो: ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, आणि कायद्याने महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. पंधरा भागिले सव्वीस, त्याला पुन्हा बाराने भागलं की महिन्यामागे ४.८१ टक्के निघतात.

एवढं वजा जाता राहिले ३८,२१८. हा झाला पगारपत्रकावरचा एकूण पगार. यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचे निर्वाह निधीचे २,७०० कापले जाणार, आणि महाराष्ट्राचा व्यवसायकर २०० रुपये. हातात येणार ३५,३१८. एवढ्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत आयकर लागत नाही, म्हणून तो सोडून दिला.

वहीवरचा आकडा बघून ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दहा हजारांचा फरक आहे गं."

"आहे. पण त्यातले निर्वाह निधीचे दोन्ही वाटे तुझेच आहेत, तुझ्या नावावर साठणार आहेत. फक्त दर महिन्याला खर्चायला हातात नाहीत."

या फरकावर रुजू होण्याच्या आठवडाभर आधी घासाघीस करायला मी तिला सांगितलं नाही. तो आकडा तिने स्वीकारलेला होता. पण पेइंग गेस्टचं भाडं ठरवताना पस्तीस धरायचे की पंचेचाळीस, हे तिला बावीस तारखेच्या आधी कळलं, पहिल्या पगारपत्रकावर कळायची वेळ आली नाही. वर मी तिला आणखी एक प्रश्न विचारायला लावला: पगाराची कट-ऑफ तारीख कोणती? बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या २० ते २५ तारखेच्या दरम्यान त्या महिन्याचा पगाराचा हिशेब बंद होतो. त्यानंतर रुजू झालेल्याचे चालू महिन्यातले दिवस पुढच्या महिन्याच्या पगारात जोडून येतात. उत्तर आलं: कट-ऑफ २० तारखेला. म्हणजे २२ ला रुजू होणाऱ्या भाचीला पहिला पैसा थेट पुढच्या महिन्याच्या अखेरीस मिळणार. पाच आठवड्यांहून जास्त दिवस. डिपॉझिट, पहिलं भाडं, मेस आणि बसपास हे सगळं घरून आणलेल्या पैशांवर भागवायचं होतं. तिच्या आईने त्याप्रमाणे सोय केली.

सूचनांचं पत्र आणि एक अट

रुजू होण्याच्या सूचना बुधवारी संध्याकाळी आल्या. वेळ सकाळी साडेनऊ, गेट क्रमांक दोन, इमारत कोणती, भेटायचं कुणाला, आणि त्या व्यक्तीचा फोन नंबर. खाली कागदपत्रांची यादी: आधार, पॅन, पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, जुन्या नोकरीच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, रद्द केलेला चेक, पासपोर्ट आकाराचे चार फोटो, यूएएन क्रमांक, आणि जुन्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर.

शेवटच्या ओळीवर आम्ही दोघी अडलो. भाचीची जुनी नोकरी सोलापुरातल्या एका छोट्या फर्ममधली. शेवटचा दिवस शनिवारी, १३ तारखेला झाला होता. पण मालकांनी सांगितलं होतं की हिशेब पूर्ण झाल्यावर महिन्याभरात पत्र देऊ. म्हणजे २२ तारखेला ते हातात असणं शक्यच नव्हतं. आणि ऑफर लेटरच्या अटींमध्ये लिहिलं होतं की रुजू होताना रिलिव्हिंग लेटर सादर करणं आवश्यक आहे.

ही अट बहुतेक ऑफर लेटरमध्ये असते आणि बहुतेकांना ती सोमवारी सकाळी गेटवरच्या टेबलाशी समजते. तिथे समोरच्या मुलीच्या हातात नियम बदलायचा अधिकार नसतो. मग रुजू होणं एका आठवड्याने पुढे ढकललं जातं, आणि तेवढ्या दिवसांचा पगार जातो. आठवडाभर आधी हीच गोष्ट सांगितली की तिच्यावर तोडगा असतो. भाचीने लिहिलं: 'रिलिव्हिंग लेटर मला महिन्याभरात मिळणार आहे. तोपर्यंत राजीनामा मंजूर झाल्याची मेल आणि शेवटच्या कामाच्या दिवसाची त्यात असलेली नोंद चालेल का?' गुरुवारी उत्तर आलं: चालेल, पण मूळ पत्र ४५ दिवसांत द्यावं लागेल. हे उत्तर तिने छापून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलं. तोंडी 'चालेल' म्हणणारी व्यक्ती सोमवारी रजेवर असू शकते. कागद रजेवर जात नाही.

कागदपत्रांबद्दल दोन गोष्टी मी प्रत्येक मुलाला सांगते. मूळ प्रती फक्त दाखवायला न्याव्यात, द्यायला झेरॉक्स. स्वतःच्या सहीने साक्षांकित केलेले दोन संच पुरतात. कुणी मूळ गुणपत्रिका किंवा पदवीचं प्रमाणपत्र ठेवून घेतो म्हणालं, तर लेखी पोचपावती आणि कारण मागावं, आणि कारण पटेपर्यंत देऊ नये. उद्या नोकरी सोडायची झाली की हेच कागद लोक अडकवून ठेवतात.

दुसरी गोष्ट ऑफर लेटर आणि नेमणूकपत्र यांतल्या फरकाची. ऑफर लेटर म्हणजे 'या अटींवर आम्ही तुम्हाला घेऊ इच्छितो' असा प्रस्ताव. पार्श्वभूमी पडताळणी, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं अशा अटी त्याला जोडलेल्या असतात, आणि त्या पूर्ण न झाल्यास तो मागे घेता येतो. नेमणूकपत्र रुजू झाल्यावर मिळतं आणि नोकरीचा खरा करार ते असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या एका संहितेनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. ते पत्र हातात आलं की पहिल्याच आठवड्यात ऑफर लेटरशेजारी ठेवून ताडून पाहायचं: पद, ठिकाण, मूळ वेतन, नोटीस पिरियड, प्रोबेशनचा काळ. नेमकं यासाठीच ऑफरची प्रत आधी आपल्याकडे असायला हवी. ती नसेल तर ताडायचं कशाशी?

उत्तर आलंच नाही तर

भाचीला उत्तर मिळालं. सगळ्यांना मिळतंच असं नाही. दोन कामाचे दिवस वाट पाहावी आणि मग त्याच मेलच्या साखळीत दोन ओळींची आठवण करावी. नवी मेल सुरू करू नये, म्हणजे आधीची तारीख दिसत राहते. त्याच दिवशी फोनही करावा. बहुतेक वेळा मेल खरोखरच तुंबलेल्या ढिगात हरवलेली असते आणि एका फोनने काम होतं. गुरुवारपर्यंतही काही हललं नाही, तर मुलाखत घेतलेल्या मॅनेजरना सभ्य शब्दांत कळवायला हरकत नाही. माणूस त्यांना हवा असतो, त्यामुळे तेच आतून हालचाल करतात.

पण काही वेळा गप्प राहण्याचं कारण वेगळं असतं. पद रद्द झालेलं असतं, किंवा भरती थांबवलेली असते, आणि ते सांगायला कुणी धजावत नसतं. 'तारीख जरा पुढे जाईल, कळवतो' असं मोघम उत्तर आलं तर नवी तारीख लेखी मागावी आणि ती येईपर्यंत घराचं डिपॉझिट भरू नये. जुनी नोकरी सोडायचा दिवस अजून उलटला नसेल, तर तिथे बोलायलाही हीच वेळ असते. सोमवारी कळून उपयोग नसतो.

याहून वाईट म्हणजे मुळात बनावट ऑफर. कंपनीचा लोगो आणि सही हुबेहूब असते. मागणीची ही मेल तिथेही उपयोगी पडते, फक्त ती ऑफर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर न करता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावर किंवा फोनवर करायची. ऑफर आलेल्या मेलमध्ये 'अॅट'च्या चिन्हानंतरचा भाग कंपनीच्या संकेतस्थळाशी अक्षरशः जुळतो का, ते पाहायचं. एखादं जास्तीचं अक्षर किंवा आडवी रेघ असली की सावध. उमेदवार क्रमांक सांगून 'ही ऑफर आपल्याकडची आहे का' एवढंच विचारायचं. आणि लॅपटॉपचं डिपॉझिट, प्रशिक्षणाची फी, पडताळणीचा खर्च अशा कुठल्याही नावाने कुणी आधी पैसे मागितले, तर व्यवहार तिथेच थांबवायचा. पगार देणारा माणूस कामावर घ्यायला पैसे घेत नाही.

सोमवार

बावीस तारखेला सकाळी सव्वानऊला भाची गेट क्रमांक दोनवर होती. सुरक्षारक्षकाच्या यादीत तिचं नाव होतं, वडिलांच्या नावासह, आधारवर आहे तसंच. आत टेबलाशी तिच्यासारखे अठराजण बसले होते. रिलिव्हिंग लेटरचा विषय निघाला तेव्हा तिने फाइलमधलं वरचं पान पुढे केलं. समोरच्या मुलीने ते वाचलं, यादीत काहीतरी लिहिलं आणि पान परत दिलं. शेजारचा एक मुलगा मात्र फोनवर कुणालातरी विनवत होता, "सर, आजच्या आज मेल कराल का हो, इथे थांबवलंय मला."

संध्याकाळी वाकडच्या खोलीवरून तिचा फोन आला. लॅपटॉप पहिल्याच दिवशी मिळाला होता. "आणि मावशी," ती म्हणाली, "ऑनबोर्डिंगवाल्या ताईंनी मला नावाने ओळखलं. म्हणाल्या, त्या मेलवाल्या तुम्हीच ना? तुमचं सगळं आधीच झालं होतं, म्हणून तुमचं टेबल सकाळीच लावून ठेवलं."

मी तिला विचारलं, "ऑफर लेटरची प्रत आता कुठे आहे?"

"मेलमध्ये, पेनड्राइव्हवर, आणि आईच्या कपाटात एक छापून ठेवलीय."

त्या छापील प्रतीच्या शेवटच्या पानावर एप्रिलमधली ती तारीख आणि वेळ आहे, जेव्हा तिने घाईत मोबाइलवर 'स्वीकार' दाबलं होतं.